रांगण्यापेक्षा त्याच्या उजव्या हाताकडे बघा

डॉक्टर मॅडम, माझा मुलगा गेल्या आठवड्यात ११ महिन्यांचा झाला. ३३ आठवडे भरल्यावर जन्मला, वजन १ किलो ८०० ग्रॅम, काही दिवस काचेच्या पेटीत होता. पुढे वजन छान वाढलं म्हणून आम्ही नंतरच्या तपासण्यांना गेलो नाही. साडेआठ महिन्यांचा असताना आधाराशिवाय बसायला लागला, पण अजून रांगत नाही. बसल्या बसल्या डावा हात टेकत कुल्ल्यावर घसरत वसरीभर फिरतो. घेतो ते सगळं डाव्या हाताने, माझे सासरेही डावखुरे आहेत. नणंदेची मुलगी दहाव्या महिन्यात चालली, त्यामुळे घरात रोज हाच विषय. सासूबाई म्हणतात, त्याचा बाबा दीड वर्षाने चालला, उगीच घाबरू नको. दिराने चाकांचा वॉकर आणून ठेवलाय. थांबू की डॉक्टरांना दाखवू? – एक आई, डिचोली

दाखवा, आणि या आठ-दहा दिवसांतच दाखवा. पण ज्या कारणासाठी तुम्ही पत्र लिहिलंत त्या कारणासाठी नाही. रांगत नाही याची मला फारशी काळजी वाटत नाही. मी थांबले ती डाव्या हाताच्या वाक्यावर, जे तुम्ही सासऱ्यांचा वारसा म्हणून सहज लिहून गेलात.

आधी वयाचा हिशेब नीट मांडू, कारण तुमच्या घरातली निम्मी चर्चा चुकीच्या वयावर चालली आहे. पूर्ण दिवसांचं बाळंतपण ४० आठवड्यांचं धरतात. तुमचा मुलगा ३३ आठवड्यांनी आला, म्हणजे सात आठवडे आधी. त्याच्या ११ महिन्यांतून हे सात आठवडे वजा केले की तो साडेनऊ महिन्यांचाही पुरता होत नाही. याला दुरुस्त वय म्हणतात. अवेळी जन्मलेल्या मुलाचं बसणं, रांगणं, चालणं दोन वर्षांपर्यंत याच वयावर मोजायचं असतं. (लसींचं तसं नाही. त्या जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या, त्यात वजाबाकी करू नका.) साडेआठ महिन्यांनी तो बसला असं तुम्ही म्हणता, म्हणजे दुरुस्त वयाने सुमारे सातव्या महिन्यात. तिथे उशीर झालेलाच नाही.

आता नणंदेची मुलगी आणि सासूबाईंचा मुलगा. दोघांचीही उदाहरणं खरी आहेत आणि दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या ८१६ निरोगी मुलांची पाहणी करून २००६ मध्ये काही मर्यादा छापल्या, त्यात दिल्लीची मुलंही होती. निरोगी मूल आधाराशिवाय बसायला लागतं ते साधारण ४ ते ९ महिन्यांच्या दरम्यान. हात आणि गुडघ्यांवर रांगणं ५ पासून साडेतेरा महिन्यांपर्यंत कधीही. आणि एकट्याने चालणं ८ पासून साडेसतरा महिन्यांपर्यंत. इतकी रुंद खिडकी आहे ही. दहाव्या महिन्यात चाललेली मुलगी हुशार आणि सतराव्या महिन्यात चाललेला मुलगा मंद, असं काही त्यातून निघत नाही.

रांगण्याबद्दल त्याच पाहणीतली एक गोष्ट घरात वाचून दाखवा. शंभरातली चारेक मुलं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, थेट उभी राहून चालायला लागली. कोणी पोटावर फरपटत जातं, कोणी लोळत जातं, कोणी तुमच्या मुलासारखं कुल्ल्यावर घसरतं. कुल्ल्यावर घसरणारी मुलं चालायलाही जरा उशिराच लागतात, आणि ही सवय पुष्कळदा घराण्यात असते. तुमच्या यजमानांबद्दल सासूबाईंना विचारा, तोही असाच घसरत फिरायचा का. उत्तर ‘हो’ आलं तर मला नवल वाटणार नाही.

पालथं पडण्याला अशी छापील खिडकी नाही. बहुतेक मुलं चौथ्या ते सहाव्या महिन्यात वळायला लागतात. बाळाला उताणं झोपवतात (आणि झोपवावं तसंच), म्हणून कुणी त्याहून थोडं उशिरा वळतं. जागेपणी पोटावर ठेवलं जातं त्या मुलांना वळणं लवकर जमतं.

मग माझी काळजी कशाची?

एका वर्षाच्या आतलं मूल डावखुरं नसतं आणि उजवखुरंही नसतं. या वयात दोन्ही हात सारखे चालले पाहिजेत. खेळणं उजवीकडे असेल तर उजवा हात जातो, डावीकडे असेल तर डावा. एका हाताची खरी आवड दिसायला लागते ती साधारण दीड-दोन वर्षांच्या पुढे. त्यामुळे ११ महिन्यांचं मूल सगळं एकाच हाताने घेत असेल, तर डॉक्टर तो हात सोडून दुसऱ्या हाताकडे बघतात. हा हात आवडता आहे की दुसरा हात नीट चालत नाही म्हणून याच्यावर सगळं पडलंय, हा त्यांचा प्रश्न असतो. सासरे डावखुरे असल्याने नातू डावखुरा होईलही, पण ते आत्ता कळणार नाही.

वेळेआधी जन्मलेल्या मुलात हा प्रश्न जास्त गांभीर्याने विचारावा लागतो. ३३ व्या आठवड्यात मेंदूच्या आतल्या पोकळ्यांभोवतीचा भाग फार नाजूक असतो, रक्तपुरवठ्यातला चढउतार त्याला सोसत नाही. हातापायांना हुकूम नेणाऱ्या तारा तिथूनच जातात. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली तर शरीराची उजवी बाजू मंद पडते. जन्मल्यावर महिना-दोन महिने हे कुणालाच दिसत नाही, कारण तेवढ्या लहान मुलाच्या हालचाली मुळातच अजाणतेपणी होत असतात. मूल वस्तूकडे हात टाकायला लागलं की फरक उघडा पडतो. म्हणून हात आधी बोलतो, पाय नंतर, उभं राहायची वेळ आली की.

तुमच्या पत्रात दुसरी एक खूण आहे. तो घसरताना डावाच हात टेकतो. कुल्ल्यावर घसरणं निरुपद्रवी, पण नेहमी एकाच हाताचा रेटा घेऊन घसरणं तपासून घ्यावं असं. दोन्ही खुणा एकाच बाजूला बोट दाखवतात, म्हणून मी ‘महिनाभर बघू’ असं म्हणत नाही.

हे वाचून आज रात्री झोप उडणार, तेव्हा स्पष्टच सांगते: तुमच्या मुलाला काही झालंय असं मी म्हणत नाही. पत्रावरून ते कुणालाच सांगता येणार नाही. कदाचित तो उजवा हातही छान वापरत असेल आणि घरात ‘डावखुरा’ ठरल्यामुळे तुमच्या नजरेला डावाच दिसत असेल. असं होतं. ते पारखायला डॉक्टरांकडे जाण्याआधी घरीच काही गोष्टी बघून ठेवा. मूल पोटभर जेवलेलं, झोप झालेलं आणि खुशीत असताना, जमिनीवर चटई घालून.

त्याला समोर बसवा आणि वाटी-चमच्यासारखी त्याला हवीशी वस्तू त्याच्या उजव्या खांद्याच्या बाजूला धरा, समोर मधोमध नाही. उजवा हात येतो, की डावा हात अंगावरून पलीकडे येतो? मग त्याचा डावा हात तुमच्या हातात हलकेच धरून तीच वस्तू पुन्हा दाखवा. उजवा हात पुढे येऊन बोटं उघडून वस्तू धरतो का, की मूठ तशीच राहते, की तो चिडून डावा सोडवायचा प्रयत्न करतो? दोन्ही हातांत एकेक छोटा डबा द्या. या वयाची मुलं ते एकमेकांवर आपटून आवाज करतात. उजव्या हातातला डबा सारखा गळतो का ते बघा.

मग मूठ बघा. तो जागा आणि शांत असताना उजवी मूठ मिटलेली आणि अंगठा आत दाबलेला असेल, तर ती नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे. तीन-चार महिन्यांनंतर मुलांच्या मुठी बऱ्यापैकी उघड्या राहतात.

लंगोट बदलताना दोन्ही मांड्या हळू बाहेर उघडा. एक मांडी सहज उघडते आणि दुसरी अडते, असं आहे का? अडणारी उजवीच असेल तर ते हाताच्या गोष्टीशी जुळतं. पण उजवी असो वा डावी, खुब्याचा सांधा जागेवर नसणं हेही एक कारण असतं, तेव्हा डॉक्टरांना सांगाच. त्याला काखेत धरून उभं करा: दोन्ही टाचा टेकतात की उजवा पाय चवड्यावरच राहतो?

शेवटची परीक्षा तोल जाण्याची. बसलेल्या मुलाला कमरेला धरून हळूच उजवीकडे कलता करा. आठ-नऊ महिन्यांचं मूल पडू नये म्हणून त्या बाजूचा हात आपोआप टेकवतं. डावीकडे कलता केल्यावर डावा हात टेकतो आणि उजवीकडे कलता केल्यावर उजवा येतच नाही, असं दिसलं तर या सगळ्यांत ही सगळ्यात बोलकी खूण. हात तुमचा सोडू नका, तो खरंच पडेल.

हे सगळं दुसऱ्या कुणाला तरी मोबाइलवर टिपायला सांगा. दवाखान्यात मूल रडतं, आईच्या गळ्याला मिठी मारतं, आणि डॉक्टरांना पाहायचं ते दिसत नाही. घरच्या वसरीतली दोन मिनिटांची चित्रफीत माझ्यासारखीला दवाखान्यातल्या वीस मिनिटांपेक्षा जास्त सांगते. घसरतानाचं एक टिपणही घ्या, समोरून आणि मागून.

यात उजवा हात खणखणीत चालताना दिसला तरी भेट रद्द करू नका. ३३ आठवड्यांचं मूल आणि पुढच्या तपासण्या राहून गेलेल्या, एवढं कारण पुरेसं आहे. वजन वाढलं म्हणून तपासण्या सोडून देणारी घरं मी फार बघते. वजन सांगतं की दूध अंगी लागतंय. मेंदूबद्दल ते काही सांगत नाही.

जिथे त्याचा जन्म झाला, पेटीत होता, त्याच इस्पितळात गेलात तर जुने कागद जागेवर मिळतील. नाहीतर डिचोलीतल्या बालरोगतज्ज्ञांना आधी दाखवा. पुढे मेंदूविकाराच्या डॉक्टरांची किंवा फिजिओथेरपीची गरज पडली तर ते बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजकडे पाठवू शकतील. जाताना घरी सोडतानाचा कागद, लसीचं कार्ड आणि पेटीत असताना डोक्याची सोनोग्राफी झाली असेल तर तिचा अहवाल न्या. डॉक्टर डोक्याचा घेर मोजून तक्त्यावर मांडतील, मुलाचे हातपाय हलवून स्नायूंचा ताण दोन्ही बाजूंनी पारखतील, गुडघ्यावर हातोडी मारतील, खुबे बघतील. खांदा आणि गळ्याजवळचं हाडही बघतील, कारण बाळंतपणात खांद्याच्या शिरा ताणल्या गेल्या असल्या तरी एक हात लुळा राहतो. तो मात्र पहिल्या दिवसापासून लुळा असतो आणि पाय ठीक असतो. तुमच्या मुलाचं वजन पाहता ते कमीच संभवतं.

मेंदूचा एमआरआय करायचा की नाही, हे त्या तपासणीनंतर ठरेल. या वयात त्यासाठी मुलाला औषध देऊन झोपवावं लागतं, म्हणून तो उठसूट करत नाहीत. पण एक गोष्ट लक्षात असू द्या: उजवी बाजू मंद आहे असं तपासणीत दिसलं, तर व्यायाम सुरू करायला एमआरआयची तारीख येईपर्यंत थांबायची गरज नाही. मेंदूतली हाताची जागा वापराने टिकते. न वापरलेल्या हाताची जागा बाकीची कामं बळकावतात. म्हणून पहिल्या दोन वर्षांतलं काम जास्त लागू पडतं. त्यात एक पद्धत अशी आहे की चांगल्या हातावर रोज ठरलेला वेळ मऊ मोजा चढवतात आणि मंद हाताकडून खेळ करून घेतात. किती वेळ, कुठला खेळ, हे थेरपिस्ट ठरवतात. तुम्ही मनाने डावा हात बांधू नका.

तोवर घरात काय करता येईल तर खेळणी उजवीकडे ठेवा, चमचा उजव्या हातात द्या, टाळ्या वाजवायचे खेळ खेळा. आज्जी रोज मालीश करतात तर करू द्या, अंगाला बरं वाटतं. पण मालिशीने हात सुधारत नाही आणि मालीश न केल्याने बिघडलेलाही नाही. फक्त उजवा हात मुरडून ओढू नये एवढं त्यांना प्रेमाने सांगा. आणि मुलाला जमिनीवर सोडा. पावसात लादी ओली आणि थंड म्हणून आमच्याकडे मुलं चार-चार महिने कडेवर आणि पलंगावरच वाढतात, मग घरच्यांना वाटतं हालचाल कमी आहे. चटई टाका, पायमोजे काढा.

वॉकर मात्र परत करा. त्याने मूल लवकर चालत नाही. आत लटकलेलं मूल चवड्यांवर रेटा देत सुटतं, तोल सांभाळायची वेळ त्याच्यावर येतच नाही, आणि आपल्याकडच्या घरांना दाराशी पायऱ्या असतातच. पायऱ्यांवरून वॉकरसकट गडगडून डोक्याला मार लागलेली मुलं हे नवं नाही. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. उजवा पाय आधीच चवड्यावर जात असेल तर तुमच्या मुलाला तो दुप्पट वाईट. दिराला राग येत असेल तर सांगा, लाकडी पांगुळगाडा आण. तो मूल स्वतः उभं राहून मागून ढकलतं, त्यात लटकावं लागत नाही. तोही आत्ता नाही, धरून नीट उभा राहायला लागल्यावर.

हे उत्तर वाचणाऱ्या इतर आयांसाठी थोडं. दुरुस्त वयाने मोजून, चौथ्या महिन्याच्या शेवटी मान सावरत नसेल, सातव्यापर्यंत कुठल्याच बाजूला वळत नसेल, नवव्याच्या शेवटी आधाराशिवाय बसत नसेल, बाराव्यात पायांवर भारच घेत नसेल किंवा दीड वर्ष पुरं होऊनही एकट्याने चालत नसेल, तर डॉक्टरांचं मत घ्यायचं. ‘त्याचा बाबाही उशिरा चालला’ हे तेव्हा डॉक्टरांना सांगायचं, घरी थांबायचं कारण म्हणून वापरायचं नाही. दीड वर्षाचा मुलगा चालत नसेल तर डॉक्टर कदाचित सीपीके नावाची साधी रक्ततपासणी सांगतील. स्नायूंचा एक आजार मुलग्यांतच प्रामुख्याने येतो आणि या तपासणीने तो लवकर ओळखता येतो. फक्त अंगावरच्या दुधावर वाढलेलं मूल आणि आई कडक शाकाहारी असेल, तर बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरताही बघायला हवी. ती औषधाने भरून काढता येते, पण वेळेवर.

दोन गोष्टींना मात्र तारीख बघायची नाही. मूल जे करत होतं ते करायचं सोडलं, म्हणजे बसत होतं ते बसेनासं झालं, तर त्याच आठवड्यात. आणि मूल झोपेतून उठल्यावर एकामागून एक अशा दचक्यांनी मान आणि हात पुढे टाकत असेल, पुन्हा पुन्हा, तर त्याच दिवशी. पुष्कळदा घरचे त्याला पोटदुखी समजतात. ती फिट असू शकते.

आता तुमच्याकडे परत येते. डॉक्टरांनी तपासून सगळं ठीक आहे असं सांगितलं तर तीन गोष्टी विचारून घ्या: उजवा हात दोन्ही प्रकारे पाहिला का, म्हणजे ताणही आणि वापरही; पुढच्या वेळी कधी यायचं; आणि तोवर काय दिसलं तर आधी यायचं. ‘बघू पुढे’ एवढ्यावर उठू नका, कागदावर तारीख लिहून घ्या. माझ्या मते ती सहा आठवड्यांच्या पुढची नसावी, म्हणजे तो दुरुस्त वयाने ११ महिन्यांचा होईल तेव्हा. तेव्हा तो धरून उभा राहतो का आणि खाटेला धरून दोन्ही बाजूंना पावलं टाकतो का, की डावीकडेच जातो, हे बघायचं.